डेस्कटॉपमधून जळका वास आला तर

श्रोतेहो, नमस्कार. कॉम्प्युटर सुरू आहे आणि अचानक जळका वास येऊ लागला. अशा वेळी फाईल सेव्ह करत किंवा शटडाऊन पूर्ण व्हायची वाट पाहत बसू नका. सरळ भिंतीवरचं बटण बंद करा. यूपीएस असेल तर तोही बंद करा, कारण भिंतीचं बटण बंद झालं तरी तो बॅटरीवर वीज देत राहतो. मग प्लग काढा. धूर किंवा ज्योत दिसली तर कॅबिनेट उघडू नका, पाणी तर मुळीच टाकू नका. लांबूनच मेन स्विच पाडा. आग वाढत असेल तर बाहेर पडून 101 ला फोन करा.

सगळं शांत झालं की दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग नाकाने शोध घ्या. वास मागच्या जाळीपाशी सर्वात उग्र असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. माशासारखा, नाकाला झोंबणारा वास बऱ्याचदा फुटलेल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यासारख्या भागाचा असतो. पण एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 हून जास्त व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. एसएमपीएस बदलायचाच.

जाळीपाशी वास नाही, तर बाजूचं झाकण काढून टॉर्च मारा. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास डोकं फुगलेला कपॅसिटर किंवा काळा डाग दिसतो का ते बघा. ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा कनेक्टर वितळला आहे का तेही बघा, कारण तो पूर्ण आत बसला नसेल तर पिना तापतात.

एक जागा मात्र हमखास नजरेतून सुटते. समजा, वास जळक्या प्लास्टिकचा आहे आणि तो पुढच्या बाजूला, हार्डडिस्कपाशी येतो. तिथे मोलेक्स या जुन्या, चार पिनांच्या कनेक्टरमधून साटा, म्हणजे डिस्कला वीज देणारा चपटा कनेक्टर काढणारी छोटी वायर असेल, तर आधी तिचं टोक तपासा. स्वस्त वायरींमध्ये तारा साच्यात ठेवून त्यांवर गरम प्लास्टिक ओततात. त्यात तारा सरकून 12 व्होल्टची पिवळी आणि शेजारची काळी फार जवळ येतात. महिनोन्‌महिने काही होत नाही, मग मधलं प्लास्टिक हळूहळू करपतं. सुरुवातीला गळणारा करंट लहान असतो. एसएमपीएसला तो नेहमीचा लोड वाटतो, म्हणून त्याचं संरक्षण लागू होत नाही आणि वायर धुमसत राहते.

तपकिरी पडलेली ती वायर फेकून द्या. एसएमपीएसमधून थेट आलेली साटा वायर मोकळी असेल तर डिस्कला तीच जोडा. पण त्याआधी डिस्कच्या पिना बघा. त्या काळ्या पडल्या असतील किंवा त्यांभोवतीचं प्लास्टिक वितळलं असेल, तर डिस्क लावून बघण्याचा मोह टाळा आणि ती डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.