कीर्द, खतावणी आणि केळीच्या काट्याचं टेबल

(जळगावात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अडत आहे, जिनिंग आहे किंवा निदान किराणा दुकान आहे, त्यांनी लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या पाहिल्या असतील. एक कीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत जे घडेल ते त्या दिवशी, त्या क्रमाने लिहायचं. खतावणीत प्रत्येक खातेदाराला वेगळं पान, आणि तिथे नोंद करताना शेजारी कीर्दीचा पान क्रमांक टाकायचा. क्लस्टर्ड आणि नॉन-क्लस्टर्ड इंडेक्समधला फरक मला कॉलेजात कळला नाही, तो सावद्याच्या एका दिवाणजींच्या गादीवर बसल्यावर कळला.

कीर्द हे क्लस्टर्ड इंडेक्स. म्हणजे टेबलच त्या क्रमाने लावलेलं, मूळ ओळ तिथेच, तिची दुसरी प्रत नाही. म्हणूनच ते एका टेबलाला एकच असतं, कारण मूळ ओळी एकाच वेळी दोन क्रमांनी लावता येत नाहीत. खतावणी हे नॉन-क्लस्टर्ड. त्यात वेगळ्या क्रमाने लावलेल्या छोट्या नोंदी आणि प्रत्येकीजवळ मूळ ओळीचा पत्ता. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा पत्ता म्हणजे क्लस्टर्ड इंडेक्सची की. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच मला नडली.

रावेर-यावल पट्ट्यातल्या एका केळी ग्रुपसाठी मी काट्याचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. सात-आठ काटे मिळून हंगामात दिवसाला साधारण २,००० पावत्या व्हायच्या. वर्षाचे ३०० दिवस, पाच वर्षं, म्हणजे ३० लाख ओळी. व्यापारी साठेक. हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे गोल करतोय. एक ओळ सुमारे २०० बाइटची, एसक्यूएल सर्व्हरचं पान ८ केबीचं, म्हणजे पानात ४० ओळी. सगळं टेबल ७५,००० पानांचं. क्लस्टर्ड इंडेक्स पावती क्रमांकावर होता, कारण प्रायमरी की दिली की एसक्यूएल सर्व्हर आपण होऊन तिथेच क्लस्टर्ड करतो, आणि मीही त्यावर कधी विचार केला नव्हता.

महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक व्यापाऱ्याचं बिल निघायचं. क्वेरी अशी:

```sql
SET STATISTICS IO ON;

SELECT tarikh, vajan, dar
FROM pavti
WHERE vyapari_id = 17
  AND tarikh >= '20240301'
  AND tarikh <  '20240401';
```

व्यापारी आणि तारीख यांवर नॉन-क्लस्टर्ड इंडेक्स होताच. तरी बिलं रेंगाळायची. बघा का ते. एका व्यापाऱ्याच्या महिन्याच्या पावत्या आठशे-साडेआठशे. इंडेक्समध्ये त्या सलग सापडतात, त्याला चार-सहा पानं पुरतात. पण वजन आणि दर त्या इंडेक्समध्ये नाहीत. मग प्रत्येक पावतीसाठी पत्ता घेऊन मूळ टेबलात जायचं, आणि जायचं म्हणजे, इंडेक्स झाडासारखा रचलेला असल्यामुळे, त्या झाडाच्या मुळापासून उतरायचं. आपलं झाड तीन पातळ्यांचं, म्हणून एका पावतीला तीन पानं. ८३० पावत्या गुणिले तीन, झाली अडीच हजार वाचनं. एक्झिक्युशन प्लॅनमध्ये याला `Key Lookup` म्हणतात, आणि वरच्या पहिल्या ओळीमुळे मेसेजमध्ये `logical reads` असा आकडा दिसतो. मुनीम खतावणीत पान क्रमांक वाचतो, उठतो, कपाटातून कीर्द काढतो, एक ओळ वाचतो, कीर्द परत ठेवतो. असं ८३० वेळा.

एक व्यापारी आहे तोवर हे चालतं. रेंज रुंदावली की खरी गंमत होते. समजा दोन आठवड्यांच्या सगळ्या पावत्या हव्यात, २८,०००. तारखेवर नॉन-क्लस्टर्ड इंडेक्स आहे, पण लुकअपला ८४,००० वाचनं लागतील. क्वेरी कुठल्या वाटेने चालवायची ते ठरवणारा ऑप्टिमायझर हिशेब करतो आणि इंडेक्स बाजूला ठेवून सगळं टेबल वाचायला घेतो. टेबलाच्या पानांच्या संख्येच्या पाव ते एक तृतीयांश इतके लुकअप होणार असले की तो साधारणपणे हा निर्णय घेतो. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. आपल्या टेबलात तो उंबरठा १९,००० ते २५,००० ओळींवर पडतो. ३० लाखांत हे एक टक्कासुद्धा नाही! विद्यार्थी मला विचारतात, 'सर, इंडेक्स दिलाय, तरी वापरत का नाही?' बहुतेक वेळा उत्तर हेच असतं.

तेव्हा मी तरुण होतो आणि फार हुशारही होतो. टेबलच व्यापारी, तारीख आणि पावती क्रमांक या क्रमाने लावलं, म्हणजे क्लस्टर्ड इंडेक्सच बदलला. आता व्यापारी १७ च्या मार्चच्या ८३० ओळी एकमेकींना चिकटून. ८३० भागिले ४०, एकवीस पानं. अडीच हजारांवरून पंचविसाच्या आत. बिलं चुटकीसरशी निघू लागली. मालकांनी भरीत-पार्टी दिली, बामणोदच्या वांग्यांची.

मग हंगामाचा जोर आला. दुपारी काट्यावर ट्रॅक्टरांची रांग, आणि पावती सेव्ह व्हायला वेळ. मेमधली जळगावची दुपार तुम्हाला माहीत आहे, त्या उन्हात थांबलेला ड्रायव्हर काय बोलतो तेही.

पूर्वी नवी पावती नेहमी टेबलाच्या शेवटी जायची. शेवटचं पान भरलं की नवं पान जोडायचं, मागच्याला हात लावायचा नाही. आता साठ व्यापारी म्हणजे झाडाच्या मधोमध साठ ठिकाणी नव्या ओळी शिरायच्या. पान भरलेलं असलं की ते दुभंगतं. अर्ध्या ओळी नव्या पानावर, दोन्हींच्या शेजारच्या जोडण्या बदलायच्या, वरच्या पातळीत नवी नोंद करायची आणि हे सगळं लॉगमध्येही लिहायचं. एका पावतीसाठी वीस ओळींची उचलठेव. आणखी वाईट असं, की त्या व्यापाऱ्याच्या पुढच्या पावत्या पुढच्या तारखेच्या असल्यामुळे उजव्या पानावर जातात. डावं पान अर्धं रिकामं राहतं ते कायमचं. असं पान दिसतं ते इथे:

```sql
SELECT index_id, avg_page_space_used_in_percent
FROM sys.dm_db_index_physical_stats
  (DB_ID(), OBJECT_ID('pavti'), NULL, NULL, 'SAMPLED');
```

शेवटचा शब्द `SAMPLED` विसरू नका. तो न दिल्यास नेमका हाच रकाना रिकामा येतो. माझ्या टेबलात नव्या महिन्यांची पानं जेमतेम निम्मी भरलेली होती. म्हणजे एकवीस पानांचं बिल हळूहळू चाळीसकडे निघालं होतं, आणि मेमरीत तेवढ्याच ओळींना दुप्पट जागा लागत होती. रिबिल्ड केलं की नीट व्हायचं आणि पुन्हा महिन्याभरात तसंच.

दुसरा मार दुरुस्त्यांचा. काट्यावरचा मुलगा घाईत चुकीच्या व्यापाऱ्याचं नाव टाकायचा, रात्री दिवाणजी दुरुस्त करायचे. कीच बदलली म्हणजे ओळ जागेवरून काढायची आणि दुसरीकडे घालायची. इथपर्यंत मला अंदाज होता. पण सुरुवातीला सांगितलेलं आठवा: प्रत्येक नॉन-क्लस्टर्ड इंडेक्समध्ये पत्ता म्हणून क्लस्टर्डची की असते. टेबलावर आणखी चार इंडेक्स होते, गाडी नंबरचा, शेतकऱ्याचा वगैरे. नाव एका व्यापाऱ्याचं बदललं आणि चारही इंडेक्समधल्या नोंदी बदलाव्या लागल्या, कारण मालाचा पत्ताच बदलला होता. दिवाणजी म्हणाले, "भाऊ, आमच्या खतावणीत एक ओळ खोडून दुसरीकडे लिहितो. तुमच्याकडे सगळ्या वह्या का फाडाव्या लागतात?"

आणि खतावणीत त्यांनी कीर्द न उघडता बिल कसं काढलं असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. खतावणीत फक्त पान क्रमांक नसतो, रक्कमही लिहिलेली असते! बेरजेसाठी कीर्दीकडे जायचं कामच नाही. मीही वजन आणि दर `INCLUDE` ने इंडेक्समध्येच लिहिले:

```sql
CREATE UNIQUE CLUSTERED INDEX cx_pavti
ON pavti (tarikh, pavti_id);

CREATE INDEX ix_bil
ON pavti (vyapari_id, tarikh)
INCLUDE (vajan, dar);
```

(आधीचा क्लस्टर्ड काढून टाकावा लागतो, आणि प्रायमरी की `NONCLUSTERED` करून पावती क्रमांकावरच ठेवायची.) टेबल तारखेने लावलं म्हणून नव्या पावत्या पुन्हा शेवटी जाऊ लागल्या, आणि दोन आठवड्यांच्या २८,००० ओळी ७०० सलग पानांत मिळू लागल्या. मूळ रचनेतही पावत्या तारखेच्याच क्रमाने साठत होत्या, पण क्रमांक आणि तारीख हातात हात घालून वाढतात हे ऑप्टिमायझरला ठाऊक नसतं, ते कीमध्ये लिहावं लागतं. बिलाच्या इंडेक्सची नोंद पंचवीसेक बाइटची, पानात तीनशेच्या आसपास मावतात. ८३० ओळींना तीन-चार पानं आणि वरून उतरायची दोन. ज्या क्वेरीसाठी मी अख्खं टेबल उलटंपालटं केलं होतं, ती क्लस्टर्डपेक्षा या छोट्या वहीत स्वस्त पडली.

फुकट काही नाही. ती वही सुमारे १०,००० पानांची, ७८ एमबी. तिच्यातही साठ ठिकाणी शिरकाव होतो आणि पानं दुभंगतात, पण ती पानं चिमुकल्या नोंदींची असल्यामुळे दुभंगणं विरळ होतं. केळीचा दर रात्री ठरतो, तेव्हा दिवसाच्या २,००० ओळींचा दर टेबलात आणि वहीत असा दोनदा लिहावा लागतो. मात्र दर हा कीचा भाग नाही आणि त्याची लांबी ठरलेली आहे, म्हणून तो जागच्या जागी लिहिला जातो. दर कीमध्ये टाकला असता तर दर रात्री २,००० नोंदी उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या असत्या.

एक खोड शेऱ्याच्या रकान्याची. पावती होताना तो रिकामा, नंतर कुणी लिहितं 'माल काळा पडला, दोन घड परत'. ओळ लांबते, पान भरलेलं असतं, आणि क्रमाने भरलेलं टेबलसुद्धा तिथे दुभंगतं. त्यासाठी फिल फॅक्टर ९० ठेवून, म्हणजे पानं नव्वद टक्केच भरून, रिबिल्ड करता येतं, पण ती मोकळी जागा फक्त रिबिल्डच्या वेळी सोडली जाते. नंतर शेवटी जोडली जाणारी पानं गच्चच भरतात. मी शेरे वेगळ्या टेबलात नेले.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत प्रायमरी की हीच कीर्द असते, तिथे निवड म्हणजे प्रायमरी कीची निवड. पोस्टग्रेसमध्ये टेबल कुठल्याच क्रमात ठेवलं जात नाही. `CLUSTER` दिलं की एकदा क्रम लागतो, पुढच्या ओळींसाठी तो पाळला जात नाही.

मागे कुणीतरी हात वर केलाय... हो, विचारा. नव्या रचनेत व्यापाऱ्याचं नाव चुकलं तर काय होतं? मूळ ओळ तारखेने लावलेली आहे, ती हलत नाही, तिच्यातला व्यापाऱ्याचा आकडा फक्त बदलतो. बिलाच्या वहीत एक नोंद खोडली जाते आणि दुसरीकडे लिहिली जाते. गाडी नंबरच्या आणि शेतकऱ्याच्या इंडेक्सला हातही लागत नाही. तारीख चुकली तर मात्र सगळ्या वह्या फाडाव्या लागतात, पण काट्यावर तारीख संगणक टाकतो, तो मुलगा नाही.