रेंजचा दगड

(दृश्य: पहाट. डोंगराच्या धारेवर एक मोठा कातळ. त्यावर तीन माणसं, तिघांचेही फोन कानाला.)

पुणे जिल्ह्यात, पानशेत धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला ही वाडी आहे. वाडीतून वर यायला वीस मिनिटं लागतात. या कातळाला जुनं नाव होतं, पण आता सगळे त्याला रेंजचा दगड म्हणतात. बँकेचा ओटीपी, कॉलेजचा फॉर्म, मुंबईतल्या मुलाशी बोलणं, सगळं इथं येऊन.

(दृश्य: दगडावरून खाली दिसणारी वाडी, पत्र्याची छपरं, मागं डोंगर.)

टॉवर नाही असं नाही. सगळ्यात जवळचा टॉवर डोंगराच्या पलीकडं, जेमतेम चार किलोमीटरवर आहे. पण मध्ये डोंगर आहे. मोबाईलच्या लहरी धारेवरून थोड्या वाकून खाली उतरतात. डोंगराच्या पोटाला चिकटून असलेल्या घरापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. त्यावर दगडी भिंत आणि पत्र्याचं छप्पर. पत्रा पावसाला अडवतो तसाच या लहरींनाही.

(दृश्य: घराची पडवी. मोबाईलची स्क्रीन जवळून.)

हे मामांचं घर. फोनवर एक कांडी दिसते, मधूनच तीही जाते. कांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबानं दाखवतो. खरा आकडा आत असतो, RSRP नावाचा. तो नेहमी उणे असतो आणि शून्याकडं सरकेल तितका चांगला. उणे ८० म्हणजे मजेत. उणे १०० म्हणजे काम भागतं. मामांच्या पडवीत तो उणे ११६ आहे.

या आकड्याची एक गंमत आहे. दहाचा फरक म्हणजे दहापट. उणे ११६ वरून उणे १०६ वर आलात तर दहापट सिग्नल आला. म्हणून पुढं कुणी ‘पाचानंच वाढला’ म्हणालं तर हसू नका, पाच म्हणजे तिपटीहून जास्त.

(दृश्य: दादा मोटारसायकलवरून येतो. मागं बांधलेला लोखंडी पाइप, खोकं, केबलचं वेटोळं.)

तालुक्याच्या गावाहून दादा आलाय. डिश बसवतो, सीसीटीव्ही बसवतो, आता चार वर्षं हेही. आल्या आल्या त्यानं पाइपाला हात लावला नाही. सिम घातलेला फोर-जी राउटर काढला, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालू केला, आणि शिडीवरून वर धरून घराभोवती एक चक्कर मारली.

(दृश्य: शिडीवर दादा, डोक्यावर राउटर धरलेला. खाली मामा मोबाईलवर आकडे वाचतात.)

“मामा, किती?”
“एकशे बारा.”
“आता?”
“दहा… नाय, आठ.”

घराच्या ईशान्य कोपऱ्यावर, जमिनीपासून वीस फुटांवर, आकडा उणे १०५ झाला. अजून अँटेना लावलेला नाही. नुसतं भिंतीबाहेर आणि पत्र्याच्या वर आलो, एवढ्यानंच अकरांची कमाई झाली. दादाचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक अँटेनाचे पैसे आनंदानं देतं आणि पाइपाच्या लांबीवर घासाघीस करतं. व्हायला हवं उलटं.

(दृश्य: खोक्यातून निघणारा अँटेना. माशाच्या काट्यासारखा, एका दांड्यावर लहान होत जाणाऱ्या आडव्या पट्ट्या.)

हा दिशादर्शी अँटेना. यात वीज नाही, यंत्र नाही. चारी बाजूंनी ऐकायचं सोडून तो एकाच दिशेला कान देतो, कानामागं हात धरून ऐकावं तसा. त्याच दिशेला बोलतोही, आणि हे महत्त्वाचं, कारण फोन किंवा राउटर बोलतो तो फार हळू, जास्तीत जास्त एक पंचमांश वॉटच्या ताकदीनं. टॉवर मोठ्यानं ओरडतो. बऱ्याचदा त्याचं आपल्याला ऐकू येतं, पण आपलं त्याला नाही. अँटेना दोन्हीकडं मदत करतो.

खोक्यात दोन अँटेने आहेत. फोर-जीचा टॉवर एकाच वेळी दोन तिरप्या लहरींतून माहिती पाठवतो, एक उजवीकडं कललेली, एक डावीकडं. म्हणून एक अँटेना असा तिरका, दुसरा त्याच्या उलटा. दोन्ही सरळ उभे लावले तरी चालतं, पण वेग हातचा जातो.

(दृश्य: दादा पाइपावर अँटेने बसवतो, केबल खाली सोडतो, खिडकीतून आत घेतो.)

आता इथं एक चूक झाली. ती कापून टाकावी असं वाटलं होतं, पण ठेवली.

मामींना राउटर बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी हवा होता. म्हणून दादानं पंधरा मीटर केबल ओढली, अँटेनासोबत आलेली, बारीक, काळी. सगळं जोडलं आणि आकडा आला उणे १०९. हातात धरलेल्या नुसत्या राउटरपेक्षाही कमी!

(दृश्य: दादाचा चेहरा. मग केबलचा कापलेला तुकडा तळहातावर, आतली तांब्याची तार.)

हिशेब साधा आहे. अँटेना देतो दहा. राउटरच्या स्वतःच्या छोट्या अँटेनाचे दोन त्यातून वजा करा, कारण ते आता बंद झाले. उरले आठ. आणि ही बारीक केबल १८०० मेगाहर्ट्झवर दर मीटरला पाऊणहून थोडं जास्त खाते. पंधरा मीटरला बारा गेले. आठ कमावले, बारा घालवले. जाड केबल मीटरला पाव-एक खाते, पण ती महाग आणि वळवायला आडमुठी.

दादानं केबल वाढवली नाही, राउटरच वर नेला. वळचणीखाली, उन्हापावसापासून आडोशाला, प्लॅस्टिकच्या डब्यात. माळ्यावर ठेवला असता, पण एप्रिलमध्ये पत्र्याखाली तो तापून आपोआप बंद-चालू होतो, हे त्यानं दुसऱ्या एका घरी पाहिलंय. आता अँटेनापासून राउटरपर्यंत केबल तीन मीटर. खाल्ले अडीच. खाली जी लांब तार आली ती विजेची. तिला असली खोड नाही.

(दृश्य: पाइप हळूहळू फिरवताना हात. मागं डोंगर सरकत जातो, मग पाणी दिसतं.)

आता दिशा. मामांनी बोट दाखवलं डोंगराकडं, कारण टॉवर तिकडं आहे. तिकडं आकडा उणे १०४. दादा पाइप थोडा थोडा फिरवत राहिला. एका वेळी हाताच्या पंज्याएवढं, मग मिनिटभर थांबायचं, कारण राउटर नवा आकडा दाखवायला वेळ घेतो. घाईनं गरागरा फिरवणाऱ्याला काहीच कळत नाही.

पाइप पाण्याकडं वळला आणि आकडा उणे १०० झाला. धरणाच्या पलीकडच्या काठावर, नऊएक किलोमीटरवर, दुसरा एक टॉवर आहे. लांब आहे, पण मध्ये पाण्याशिवाय काही नाही. जवळच्या टॉवरपेक्षा दिसणारा टॉवर बरा.

आणखी थोडं फिरवल्यावर उणे ९८ सुद्धा मिळाला. दादानं तो सोडून दिला.

(दृश्य: स्क्रीनवर दुसरा आकडा, SINR.)

कारण हा दुसरा आकडा. SINR म्हणजे बाकीच्या गोंगाटाच्या मानानं हवा असलेला आवाज किती मोठा. उणे ९८ वर SINR होता ४, तिथं दोन टॉवर एकदम कानात पडत होते. उणे १०० वर तो ११ होता. जत्रेत दोन भोंगे एकाच वेळी वाजले तर आवाज मोठा येतो, शब्द कळत नाहीत. दादानं ११ धरला आणि नट आवळले.

पडवीत अर्धा एमबीपीएस मिळत होता, आता बारा. रात्री आठनंतर तो तीनवर येतो, कारण त्याच टॉवरवर पलीकडची चार गावं असतात. ती गर्दी आहे आणि तिला अँटेना काही करू शकत नाही. आकडे चांगले असून वेग नसेल, तर खर्च करण्याआधी पहाटे पाच वाजता एकदा वेग तपासून बघा.

(दृश्य: शेजारच्या घराचं कपाट. धूळ बसलेलं धातूचं खोकं, दोन बाजूंना केबल जोडायच्या जागा.)

हे शेजारच्यांकडं निघालं. ऑनलाइन मागवलेला बूस्टर.

याचं काम वेगळं. छपरावरचा अँटेना सिग्नल घेतो, हे खोकं तो विजेवर हजारो पटींनी वाढवतं, आणि दुसऱ्या अँटेनातून घरात पुन्हा हवेत सोडतं. फोनचं बोलणंही तसंच वाढवून बाहेर फेकतं. ऐकायला झकास. पण हे खोकं सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतं, म्हणजे शब्द स्पष्ट होत नाहीत, नुसते मोठे होतात. आणि छपरावर काहीच येत नसेल, तर शून्याला कितीनंही गुणा.

(दृश्य: देवळात भजन. माइक स्पीकरसमोर येतो, कर्कश शिट्टी.)

भजनात हे सगळ्यांनी ऐकलंय. माइकनं स्पीकरचा आवाज घेतला की फिरून फिरून शिट्टी होते. घरातला अँटेना आणि छपरावरचा अँटेना एकमेकांना ऐकू लागले की बूस्टरची तीच गत. मध्ये फक्त एक पत्रा, तोही गंजलेला. ती शिट्टी आपल्या कानांना ऐकू येत नाही, टॉवरला येते. टॉवर बसलाय दहा किलोमीटरवरचे क्षीण फोन ऐकायला, त्याच्या कानाशी कुणी शिट्टी फुंकली तर बाकीच्यांचे फोन तुटतात. शेजाऱ्यांच्या घरात दोन कांड्या वाढल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात दगडावरची रेंज गेली होती. खोकं बंद केलं, ती परत आली.

दूरसंचार विभागानं जुलै २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलंय: परवानाधारक दूरसंचार कंपन्या सोडून इतर कुणी बूस्टर वापरणं बेकायदा आहे. विकणं, जवळ ठेवणंसुद्धा. तरीही ते विकले जातात. सिग्नल वाढवून पुन्हा हवेत सोडणं आणि आपल्या राउटरला चांगला कान लावणं, यातला फरक दुकानदार सांगत नाही. दोन्हीला तो बूस्टरच म्हणतो. फोनच्या मागं चिकटवायचं स्टिकरही तो त्याच नावानं विकतो. त्यात काहीही नसतं.

(दृश्य: मामांचा मुलगा फोनच्या सेटिंगमध्ये Wi-Fi Calling चालू करतो. रिंग वाजते.)

मग घरात कॉल कसा लागला? फोनवर कांडी अजून एकच आहे. कॉल वायफायवरून राउटरला, राउटरकडून अँटेनातून टॉवरला जातो. भारतात ही सोय २०१९च्या डिसेंबरपासून सुरू झाली. तिच्यामुळं घरापुरती तरी बूस्टरची गरज उरत नाही.

(दृश्य: दादा जोडावर चिकटपट्टी गुंडाळतो. केबल राउटरपाशी येण्याआधी खाली झोळ घेते. पाइपाच्या बुडाशी तांब्याची जाड तार जमिनीत जाते.)

केबलला झोळ यासाठी, की पाणी तिथं थेंबाथेंबानं गळावं, राउटरमध्ये उतरू नये. तांब्याची तार वळवाच्या विजांसाठी. तरी कडकडाट सुरू होण्याआधीच केबल काढून ठेवायची. पावसाळ्यात आमचा कॅमेरा तिथं नव्हता. दादा म्हणतो, जोडात पाणी शिरलं तर आकडा रोज एक-दोननं उतरत जातो, तोच इशारा समजायचा.

(दृश्य: संध्याकाळ. पायवाटेनं वर जाणारी आजी, हातात काठी.)

मामांच्या आईचा फोन बटणांचा आहे. त्यात वायफाय नाही.

(दृश्य: रेंजचा दगड. आजी बसते, पदरानं फोन पुसते, कानाला लावते.)

लेकीचा फोन सातला येतो.