चढत्या क्रमाने आलेली खाती आणि एका बाजूला कललेलं झाड

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो. नव्वदच्या दशकात एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे आलं होतं. चाळीसेक हजार खाती. खाते क्रमांक टाकला की नाव आणि शिल्लक पडद्यावर दिसावी, एवढंच हवं होतं. मी सी भाषेत बायनरी सर्च ट्री लिहिली. घरी कसेही आकडे टाकून चाचणी घेतली, चुटकीसरशी उत्तरं येत होती. संस्थेत जाऊन खरी फाइल लोड करायला लावली आणि चहाला गेलो. परत आलो तरी लोड चालूच. तिथल्या क्लार्कबाई म्हणाल्या, "सर, मी लेजर उघडून तुमच्या आधी सांगीन."

प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. फाइल खाते क्रमांकानुसार लावलेली होती, घोळ तिथेच होता.

हे झाड कसं वाढतं ते फळ्यावर बघू. नियम एकच आहे. प्रत्येक नोडच्या डावीकडे त्याच्याहून लहान आकडे, उजवीकडे मोठे. नवा आकडा आला की वरून सुरुवात करायची. लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे, आणि जिथे जागा रिकामी सापडेल तिथे बसवायचा. आता 1 आला, तो मुळाशी बसला. झाड उलटं काढतात, म्हणून मूळ वर आहे. 2 आला, तो 1 च्या उजवीकडे. 3 आला, तो 2 च्या उजवीकडे. 4 आला, तो 3 च्या उजवीकडे. डावीकडे कधी कुणी जातच नाही. झाडाच्या नावाखाली ही एक लांब साखळी झाली. चाळीस हजारावं खाते बसवायला आधीची 39,999 खाती ओलांडावी लागतात. सगळी खाती बसवायला मिळून जवळजवळ 80 कोटी तुलना होतात. तेच आकडे नीट पसरले असते तर 16 मजल्यांत मावले असते. घरच्या चाचणीत माझे आकडे विस्कटलेले होते, म्हणून झाड आपोआप बऱ्यापैकी पसरलं आणि मला काही कळलंच नाही. हा रोग ओळखायची खूण सोपी आहे. विस्कटलेला डेटा झटकन लोड होतो आणि तोच डेटा क्रमाने लावून दिला की रखडतो. आज हेच रिकर्सिव्ह पद्धतीने पायथॉनमध्ये लिहिलंत तर हजाराच्या आसपास `RecursionError` तोंडावर येईल. तेवढं तरी बरं, लगेच कळतं.

यावरचा पहिला नामी उपाय 1962 साली मॉस्कोतून आला. गेऑर्गी अडेल्सन-वेल्स्की आणि येव्गेनी लांदिस या दोन गणितज्ञांचा. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला एव्हीएल झाड म्हणतात. (यातले अडेल्सन-वेल्स्की पुढे संगणकाला बुद्धिबळ शिकवण्याच्या मागे लागले.) त्यांची अट अशी: कुठल्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक नको. दोनचा फरक पडला की तिथल्या तिथे दुरुस्ती करायची. त्या दुरुस्तीचं नाव रोटेशन.

पुन्हा 1, 2, 3 घेऊ. 3 बसल्यावर 1 च्या डावीकडे उंची 0 आणि उजवीकडे 2. अट मोडली. आता 2 ला वर उचलायचं आणि 1 ला त्याच्या डाव्या हाताखाली उतरवायचं. 2 मुळाशी, डावीकडे 1, उजवीकडे 3. आला तोल. पुढे 4 आला, तो 3 च्या उजवीकडे. फरक एकचाच आहे, चालतंय. 5 आला, तो 4 च्या उजवीकडे. आता 3 कलला. 4 वर, 3 त्याच्या डावीकडे. इथे एक गोष्ट नीट बघा. 5 यायच्या आधी त्या कोपऱ्याची उंची 2 होती. 5 आल्यावर ती 3 झाली आणि रोटेशननंतर पुन्हा 2. म्हणजे वर बसलेल्या 2 ला खाली काय घडलं याची खबरही नाही. म्हणूनच एक आकडा घातल्यावर फार तर एकाच जागी दुरुस्ती लागते, वरपर्यंत लोण जात नाही. आकडा काढून टाकताना मात्र ही हमी नाही. तेव्हा कोपऱ्याची उंची खरोखर कमी होऊ शकते आणि दुरुस्ती पायरीपायरीने मुळापर्यंत जाऊ शकते.

आता 6. तो 5 च्या उजवीकडे बसतो आणि या वेळी खुद्द मूळच कलतं. 2 च्या डावीकडे उंची 1, उजवीकडे 3. म्हणजे 4 ला मुळाशी आणायचं आणि 2 ला त्याच्या डावीकडे उतरवायचं. पण 4 च्या डावीकडे आधीच 3 बसलाय, त्याचं काय? एका जागेवर दोघं दावेदार. सगळी गंमत इथे आहे. 3 हा 2 पेक्षा मोठा आणि 4 पेक्षा लहान. 4 वर गेल्यामुळे 2 ची उजवी बाजू नेमकी रिकामी झाली आहे. 3 तिथे जातो. त्याला दुसरी जागाच नाही, आणि हीच जागा त्याला नियमाने चालते. माझे विद्यार्थी या 3 ला 'मधलं पोर' म्हणतात. आईबाप भांडले की मधल्या पोराने घर बदलायचं.

याने क्रम का बिघडत नाही, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रत्येक नोडची सावली सरळ खाली जमिनीवर पाडा. रोटेशनच्या आधी सावल्या डावीकडून 1, 2, 3, 4, 5, 6. रोटेशननंतरही तशाच. कोण कोणाच्या डावीकडे, हे बदललं नाही. कोण किती वर, एवढंच बदललं. शेवटी 7 आला की 5 कलतो, 6 वर जातो. मुळाशी 4, खाली 2 आणि 6, त्याखाली 1, 3, 5, 7. एकही जागा रिकामी नसलेलं तीन मजली झाड, आणि त्यासाठी चार रोटेशनं. साध्या झाडाची जी सर्वांत वाईट वेळ, तीच चढती रांग इथे सर्वांत नीटस झाड देऊन जाते. दहा लाख आकडे चढत्या क्रमाने ओता, 20 मजल्यांवर काम भागतं.

कोडमध्ये हे एवढंच आहे:

```python
def rotate_left(x):
    y = x.right
    x.right = y.left   # मधलं पोर
    y.left = x
    update(x)
    update(y)
    return y
```

ओळी कमी आहेत, पण तीन ठिकाणी हमखास ठेच लागते. मधल्या दोन ओळींची अदलाबदल केलीत तर `y.left` मध्ये आधी `x` जाऊन बसतो आणि मग `x.right` स्वतः `x` च होतो. नोड स्वतःलाच धरून गोल फिरतो, शोध संपतच नाही आणि मधलं पोर कायमचं हरवतं. दुसरी ठेच: उंची आधी `x` ची मोजायची, कारण तो आता खाली आहे, आणि मग `y` ची. उलटं केलंत तर `y` ला शिळी उंची मिळते. प्रोग्रॅम चालतो, उत्तरंही बरोबर येतात, फक्त झाड हळूहळू कलत जातं. तिसरी: फंक्शनने परत दिलेला `y` वरच्या नोडला जोडायचा विसरलात तर वरचा अजून `x` लाच धरून असतो आणि `y` सकट त्याची उजवी बाजू गायब होते. म्हणून मी चाचणीत प्रत्येक आकडा घातल्यावर तीन गोष्टी तपासतो. झाड डावीकडून उजवीकडे वाचलं तर क्रम चढता आहे का, मोजदाद पूर्ण आहे का, आणि नव्याने मोजलेली उंची नोंदलेल्या उंचीशी जुळते का.

एक तिरका प्रकार राहिला. 10, मग 30, मग 20 असे आले तर 20 हा 30 च्या डावीकडे बसतो आणि आकार कोपरासारखा वाकडा होतो. इथे नेहमीसारखं 30 ला वर उचललं तर 10 त्याच्या डावीकडे येतो आणि 20 मधलं पोर म्हणून 10 च्या उजवीकडे. मूळ तेवढंच कललेलं, फक्त दुसऱ्या बाजूला. तेव्हा आधी खाली 30 भोवती उजवीकडे फिरवून 20 ला वर घ्यायचं, कोपर सरळ करायचं, आणि मग 10 भोवती डावीकडे. 20 मुळाशी येतो.

कुणीतरी विचारलं, एकचा फरक चालवून घेतला तर थोडं थोडं करत झाड खूप उंच नाही का होणार? होतं, पण मर्यादेत. अट पाळून सर्वांत रोडकं झाड करायचं तर एका बाजूला एक मजला कमी, दुसऱ्या बाजूला दोन मजले कमी असं रोडकं झाड लावायचं. मग नोडांची संख्या 1, 2, 4, 7, 12, 20 अशी वाढते. प्रत्येकात एक मिळवा: 2, 3, 5, 8, 13, 21. फिबोनाचीचे आकडे. आपल्याकडे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना मांडले तेच. ते इतके भराभर वाढतात की 29 मजल्यांच्या झाडाला किमान 13,46,268 नोड लागतात. म्हणजे दहा लाखांत 28 च्या वर जाताच येत नाही.

जावाचा `TreeMap` किंवा लिनक्सचा कर्नल एव्हीएल वापरत नाही, लाल-काळं झाड वापरतो. ते तोलाबाबत ढिलं असतं, उंची दुपटीपर्यंत चालवून घेतं. त्या बदल्यात काढून टाकतानाही तीनपेक्षा जास्त रोटेशनं लागत नाहीत. फिरवणं मात्र हेच, मधल्या पोरासकट.

मागच्या बाकावरून रास्त प्रश्न आलाय: खाती जर क्रमानेच येत होती, तर झाड कशाला, सरळ अ‍ॅरे आणि बायनरी सर्च का नाही? बरोबर आहे. नवं खातं नेहमी शेवटीच जोडलं जायचं, त्यामुळे त्या पतसंस्थेला अ‍ॅरे पुरला असता आणि माझा चहाही निवांत झाला असता. पण पुढच्याच महिन्यात त्याच बाईंनी आडनावावरून शोध मागितला. नवा खातेदार आपटे असेल, नाहीतर मुळे, रांगेत कुठेही घुसणार. प्रत्येक वेळी मागचे हजारो सरकवावे लागले असते. तेव्हा मी झाडाकडे परत गेलो, या वेळी रोटेशनसकट.