ग्रहणाचे वेध आणि आजींची साखरेची गोळी

७ सप्टेंबर २०२५ ची भाद्रपद पौर्णिमा. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती आणि या रात्री महाराष्ट्रातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार होते. पंचांगात स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी आणि मोक्ष १ वाजून २७ मिनिटांनी दिलेला होता. वेध मात्र दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनीच लागत होते, कारण चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे सुमारे नऊ तास आधीपासून धरण्याची रीत आहे.

वेध लागले की जेवायचे नाही, दुधात आणि लोणच्यात तुळशीचे पान घालून ठेवायचे, स्पर्श होताच स्नान करून जपाला बसायचे, मोक्षानंतर पुन्हा स्नान करून दान द्यायचे, आणि घरात गर्भवती असेल तर तिने काही चिरायचे नाही, शिवायचे नाही, झोपायचे नाही, असे हे नियम घरोघर सांगितले जातात. ज्या घरातल्या मुलासुनांना ग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची सावली हे पक्के ठाऊक असते, तिथे प्रश्न उभा राहतो तो सगळ्याच नियमांचा नाही. स्नान, जप, दान, तुळशीचे पान यांनी कोणाचेही काही बिघडत नाही, आणि त्यावरून आजींशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाद करण्यासारखी जागा अन्न, पाणी, झोप आणि औषध एवढीच आहे.

इथे पंचांगच मदतीला येते. वेधकाळात भोजन वर्ज्य असले तरी पाणी पिणे आणि झोपणे चालते, त्यांचा निषेध केवळ स्पर्शापासून मोक्षापर्यंतच्या पर्वकाळापुरता आहे, असे पंचांगात छापलेले असते. बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांनी त्या दिवशी वेध सायंकाळी ५ वाजून १५ मिनिटांपासून पाळावेत, असेही त्यात म्हटले होते. ही सवलत आधुनिक काळाने काढलेली पळवाट नव्हे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या धर्मसिंधूतही बाल, वृद्ध आणि आतुर यांच्यासाठी दीड प्रहराची मर्यादा आहे. दुपारपासून घोटभर पाणीही न घेणाऱ्या आजींना हे पान चार दिवस आधी वाचून दाखवले, तर नातवाच्या तोंडच्या विज्ञानापेक्षा ते त्यांना अधिक पटते.

समजा, या आजींना मधुमेह आहे आणि रात्रीच्या जेवणाबरोबर त्या साखर कमी करणारी गोळी घेतात. गोळी घेतली आणि वेधांमुळे जेवण टाळले, तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत आणि जपाला बसलेल्या वृद्ध व्यक्तीत ती थकवा म्हणून दुर्लक्षिली जातात. म्हणून डॉक्टरांना आधी विचारून गोळीची वेळ ठरवावी, पाच वाजण्यापूर्वी पोटभर जेवण व्हावे, आणि जपाच्या जागेजवळ साखर व ग्लुकोमीटर ठेवावा. आकडा ७० च्या खाली गेला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, मग पर्वकाळ असो वा नसो. औषधाला बंदी नाही, हे आजींकडून आधीच कबूल करून घेतलेले बरे, कारण ऐन वेळी हट्ट मोडत नाही.

गर्भवती सुनेच्या बाबतीत भीती अधिक खोल असते. ग्रहणात चिरले तर मूल दुभंगलेल्या ओठाचे होते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान जुळतो. सून सहा महिन्यांची असेल तर तो केव्हाच जुळलेला असतो आणि त्या रात्रीच्या विळीचा त्याच्याशी संबंध उरत नाही. हे सासूबाईंना समजावण्याचे काम मुलाने करावे, सुनेवर टाकू नये, असे आम्हाला आग्रहाने वाटते. तिने त्या रात्री भाजी चिरली नाही तर काही अडत नाही, पण पाणी आणि झोप तिला मिळालीच पाहिजे.

सूर्यग्रहणात मात्र वडीलधाऱ्यांचा एक निषेध अगदी खरा आहे. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे तो भाजला तरी लगेच कळत नाही; गॉगल आणि जुनी एक्स-रे फिल्म तिथे निरुपयोगी आहेत, प्रमाणित ग्रहणचष्माच हवा. २ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढातल्या दीप अमावास्येला, महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहरांचे असल्याने ते पहाटेच लागतील. तेव्हा आजींच्या गोळ्यांची आणि दिव्यांच्या नैवेद्याची वेळ पंचांग हाती येताच त्यांच्याबरोबर बसून ठरवावी लागेल.