एक केक, चारशे बारा नावं: बेकरीच्या गिव्हअवेचे नियम

(छोट्या बेकरी व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, गिव्हअवे म्हटलं की बहुतेक जण फोटोपासून सुरुवात करतात. केकचा फोटो झकास निघतो, खाली ‘लाइक करा, फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरीला टाका’ असं लिहिलं जातं, आणि विजेता कसा काढायचा ते शेवटच्या दिवशी रात्री ठरतं. भांडण लागतं ते तिथेच. म्हणून आज आपण उलट्या बाजूने जाऊ. निकाल कसा लावायचा ते आधी ठरवू, मग त्यातून नियम निघतील आणि नियमांतून कॅप्शन.

उदाहरण एकच घेऊ. पुण्यातली एक छोटी बेकरी आहे, इन्स्टाग्रामवर तिचं खातं आहे आणि बक्षीस आहे 1 किलोचा एगलेस चॉकलेट ट्रफल केक. विजेता एकच.

पहिली कसोटी अशी की जी अट तुम्हाला स्वतःला तपासता येत नाही, ती घालायची नाही. ‘स्टोरीला शेअर करा’ ही अट घ्या. ज्याचं खातं प्रायव्हेट आहे आणि तुम्ही त्याला फॉलो करत नाही, त्याने स्टोरीत तुमचं नाव टाकलं तरी ती स्टोरी तुम्हाला उघडत नाही. म्हणजे त्याने अट पाळली आणि तुमच्या यादीत मात्र त्याचं नाव नाही. शिवाय स्टोरी 24 तासांत जाते, मागून पडताळणार कसं? लाइकचंही तेच, शंभरांच्या पुढे कोणी लाइक केलं आणि कोणी काढून घेतलं हे कोण बघत बसणार! मित्रांना टॅग करायची अट तर मी सरळ काढून टाकायला सांगेन. लोक सिनेनटांना टॅग करतात, एकमेकांना टॅग करून वीस-वीस कॉमेंट टाकतात आणि मग ‘माझ्या वीस कॉमेंट म्हणजे वीस संधी ना?’ असं विचारतात. तीच पोस्ट फेसबुकवर टाकणार असाल तर तिथे अशी अट चालतच नाही. स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करायला लावून किंवा मित्रांना टॅग करायला लावून स्पर्धा घ्यायला फेसबुकच्या नियमांत मनाई आहे.

मग उरतं काय? एका खात्यावरून एक कॉमेंट. कॉमेंट पोस्टखाली सगळ्यांना दिसते, प्रायव्हेट खात्याचीही दिसते. तिच्यात एक सोपा प्रश्न विचारा, म्हणजे ‘जानेवारीत कोणता नवा केक सुरू करू?’ उत्तरं तुमच्या कामाची असतात. मात्र उत्तर कसंही असलं तरी संधी सारखीच, हे लिहायचं. ‘सर्वांत छान उत्तराला बक्षीस’ म्हणायचं आणि चिठ्ठी काढायची, किंवा सोडत म्हणायची आणि मनाजोगतं उत्तर उचलायचं, ही भेसळ करू नका. फॉलोची अट हवी असेल तर ठेवा, ती तपासता येते. विजेत्याचं हँडल तुमच्या फॉलोअर्सच्या यादीत शोधलं की झालं. चारशे जणांचं तपासायची गरज नाही, ज्याचं नाव निघेल त्याचंच बघायचं, पण हेही आधी सांगायचं.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत घालायची नाही, ती म्हणजे खरेदीची अट. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस दिलं की ती लॉटरी झाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथांची व्याख्या आहे. विक्री किंवा धंद्याच्या प्रसारासाठी घेतलेली लॉटरी, नशिबाचा वा कौशल्याचा खेळ, एवढंच नव्हे तर योजना संपल्यावर तिचा निकाल सहभागी लोकांपासून दडवून ठेवणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. म्हणून बक्षीस लहान ठेवा, बिलाशी जोडू नका आणि निकाल जिथे जाहिरात केली तिथेच लावा. स्कूटर किंवा फोन वाटायचा विचार असेल तर आधी वकिलाला दाखवा.

आता निवडीची पद्धत. इथे थोडा वेळ काढू.

चिठ्ठ्या डब्यात टाकून लाइव्हवर काढणं वाईट नाही. पन्नास-साठ नावं असतील तर ते पुरतं. चारशे नावांना मात्र चिठ्ठ्या लिहिताना दोन राहून जातात, घड्या लहानमोठ्या होतात, आणि बघणाऱ्याला डब्यात आपलं नाव होतं की नव्हतं हे कळायला मार्ग नसतो. आयती ‘विनर पिकर’ साधनं असतात, त्यांतली काही तुमच्या खात्याचं लॉगिन मागतात. अनोळखी साइटला बेकरीच्या खात्याचा पासवर्ड द्यायचा नाही. आणि चाक फिरवून दाखवलं तरी ते तुम्ही चार वेळा फिरवून आवडलेला निकाल टाकला नाही, याचा पुरावा काय?

म्हणून नशिबाचा आकडा तुमच्या हातात नसलेला घ्या. बीएसईचा सेन्सेक्स रोज संध्याकाळी दोन दशांशांपर्यंत जाहीर होतो, तो तुम्हालाही बदलता येत नाही आणि कोणालाही बघता येतो. काम असं चालतं. प्रवेश रविवारी रात्री 9 ला बंद झाले की सगळी हँडल शीटमध्ये उतरवायची. कॉमेंटचा क्रम इन्स्टाग्राम स्वतःच्या हिशोबाने बदलतो, त्यामुळे ‘पहिली कॉमेंट, दुसरी कॉमेंट’ यावर विसंबायचं नाही. शेवटी लपवलेल्या कॉमेंटही उघडून बघायच्या, कारण इन्स्टाग्रामची गाळणी कधी कधी निरुपद्रवी कॉमेंटही बाजूला टाकते. मग दुबार नावं काढून वर्णानुक्रम लावायचा:

```
=SORT(UNIQUE(A2:A600))
```

समजा 412 नावं उरली. त्यांना 1 ते 412 क्रमांक द्या आणि सोमवारी रात्री 8 ला यादी स्टोरीत टाकून हायलाइटमध्ये ठेवा. कोणाचं नाव राहिलं असेल तर मंगळवारी दुपारी 12 पर्यंत कळवायचं. त्यानंतर यादी बंद, एक नावही आत-बाहेर नाही. ही वेळ बाजार बंद व्हायच्या, म्हणजे साडेतीनच्या, आधीची हवीच. आकडा कळल्यानंतर यादीत एक नाव जरी वाढवलं तरी सगळा निकाल सरकतो, आणि मग संशय रास्तच म्हणायचा.

मंगळवारी सेन्सेक्स समजा 81,234.56 वर बंद झाला. दशांशचिन्ह आणि स्वल्पविराम काढा, 8123456 उरतं. त्याला 412 ने भागा आणि बाकीत 1 मिळवा:

```
=MOD(8123456,412)+1
```

बाकी 52 येते, म्हणून विजेता क्रमांक 53. घरी बसलेला कोणीही मोबाइलवर हे करून बघू शकतो. शेवटी शून्य असेल, जसं 81,234.50, तर तेही धरायचं, नाहीतर संख्या सातऐवजी सहा आकडी होते आणि दोघांची उत्तरं वेगळी येतात. बाजाराला सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा आकडा, हेही लिहून ठेवा.

राखीव विजेत्याच्या बाबतीत एक खोच आहे. 53 ने उत्तर दिलं नाही तर 54 ला द्यायचं, हे सोपं वाटतं. पण यादी वर्णानुक्रमाने आहे, आणि एकाच माणसाने नावापुढे 1, 2 लावून काढलेली खाती तिथे शेजारी-शेजारीच येतात. त्यामुळे राखीव नाव मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या बाजार-दिवसाच्या आकड्यावरून काढा, यादी तीच ठेवून.

आता कॅप्शन. मर्यादा 2,200 अक्षरांची आहे आणि काना-मात्रा, अनुस्वारही त्यात मोजले जातात. पण खरी अडचण वेगळी आहे. ‘आणखी’वर बोट लावण्याआधी सुमारे सव्वाशे अक्षरंच दिसतात. म्हणून बक्षीस, गाव आणि मुदत पहिल्या दोन ओळींत, सणाच्या शुभेच्छा नंतर. पूर्ण मजकूर असा होईल:

> गिव्हअवे: 1 किलो एगलेस चॉकलेट ट्रफल केक, एका विजेत्याला. फक्त पुणे शहर. मुदत रविवार 13 डिसेंबर, रात्री 9.
>
> भाग कसा घ्यायचा: आम्हाला फॉलो करा आणि या पोस्टखाली कॉमेंटमध्ये सांगा, जानेवारीत कोणता नवा केक हवा? उत्तर कोणतंही असो, संधी सारखीच. एका व्यक्तीची एकच नोंद. जास्त कॉमेंट केल्या तरी एकच धरू. दुसऱ्याच्या कॉमेंटला दिलेलं उत्तर धरणार नाही. खरेदीची अट नाही. वय 18 पूर्ण हवं. आमचे कर्मचारी आणि घरचे भाग घेणार नाहीत.
>
> निवड: क्रमांकांची यादी सोमवार 14 तारखेला रात्री 8 ला स्टोरीत. दुरुस्ती मंगळवार दुपारी 12 पर्यंत. मंगळवार 15 तारखेच्या सेन्सेक्सच्या बंद आकड्यावरून विजेता, रीत हायलाइटमध्ये. निकाल त्याच रात्री 8 ला याच पोस्टवर.
>
> विजेत्याने गुरुवार 17 तारखेच्या रात्री 9 पर्यंत मेसेज करावा, नाहीतर शुक्रवारच्या आकड्यावरून राखीव विजेता. केक 26 डिसेंबर ते 10 जानेवारीदरम्यान, दोन दिवस आधी कळवून, दुकानातून न्यायचा. बदल्यात रोख रक्कम नाही. केकमध्ये दूध आणि गहू आहे. आमच्याकडे सुकामेवाही हाताळला जातो.
>
> आम्ही फक्त याच खात्यावरून संपर्क करू. पैसे, ओटीपी, लिंक काहीही मागणार नाही. या गिव्हअवेचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही, त्यांनी तो प्रायोजित केलेला नाही; भाग घेणारे इन्स्टाग्रामला सर्व जबाबदारीतून मुक्त करतात.

शेवटचं वाक्य हौसेखातर नाही. इन्स्टाग्रामच्या प्रमोशन नियमांत या दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत. ‘फक्त पुणे’ही मुद्दाम आहे. क्रीमचा केक कुरिअरने जात नाही, आणि नागपूरच्या विजेत्याला नंतर नाही म्हणणं जास्त वाईट. शिवाय तामिळनाडूत बक्षीस योजनांवर 1979 चा वेगळा बंदी कायदा आहे, शहरापुरतं ठेवलं की तो प्रश्नच येत नाही. तारखा नाताळनंतरच्या आहेत, कारण 24 तारखेला ओव्हन रिकामा नसतो. ‘रात्री 12 पर्यंत’ मात्र कधी लिहू नका. रविवारची रात्र संपताना की सुरू होताना, यावर पाच जण तरी वाद घालतात.

पोस्ट टाकल्यावर पहिली कॉमेंट आली की नियम गोठले. चूक सापडलीच तर कॅप्शन गुपचूप बदलू नका. दुरुस्ती काय केली ते कॉमेंटमध्ये लिहून ती पिन करा. मुदत वाढवणं हाही बदलच आहे. ‘प्रतिसाद कमी आला म्हणून दोन दिवस वाढवले’ म्हणजे वेळेत आलेल्यांची संधी तुम्ही पातळ केलीत.

निकालाच्या रात्री खोटी खाती जागी होतात. तुमच्याच लोगोचं, नावात एक टिंब किंवा अंडरस्कोर जास्त असलेलं खातं कॉमेंट करणाऱ्यांना ‘अभिनंदन, डिलिव्हरीचे 99 रुपये पाठवा’ असे मेसेज करतं. तसं दिसलं की त्या खात्याची तक्रार करा, सहभागी लोकांनाही करायला सांगा आणि स्टोरीत त्याचा स्क्रीनशॉट टाका. निकाल लावताना कॅप्शनच्या पहिल्या ओळीत विजेत्याचं हँडल, यादीतला क्रमांक, सेन्सेक्सचा आकडा आणि बाकी असं चारही लिहा. विजेत्याचा फोन नंबर मेसेजमध्येच घ्या आणि केक दिल्यावर पुसून टाका. यादी आणि आकड्याचा स्क्रीनशॉट मात्र ठेवा, कारण ‘माझं नाव त्यात नव्हतंच’ हा मेसेज कधी कधी महिन्याभराने येतो.