किल्ल्यांच्या जुडग्यावर काय लिहावे आणि काय लिहू नये

नमस्कार. माझ्या हातातल्या या जुडग्याला एक छोटी पट्टी अडकवलेली आहे आणि तिच्यावर तीनच ओळी आहेत: 'सापडल्यास कृपया फोन करा', त्याखाली देशाच्या कोडसह एक क्रमांक, आणि शेवटी 'परत करणाऱ्यास बक्षीस'. नाव, पत्ता, इमारत यांपैकी काहीही नाही. किल्ल्यांवरही 'मुख्य दार' किंवा 'कपाट' असे लिहिलेले नाही. ओळख पटावी म्हणून फक्त रंगीत टोप्या घातल्या आहेत.

पत्ता लिहू नये हे बहुतेकांना ठाऊक असते, पण घराचा माग क्रमांकावरूनही लागू शकतो. म्हणून पट्टी करण्यापूर्वी तो क्रमांक एखाद्या अशा फोनमध्ये जतन करून पाहा, ज्यात तुमची माहिती नाही. मेसेजिंग अॅपमध्ये दारासमोर काढलेला फोटो दिसतो का, पैसे पाठवण्याच्या अॅपमध्ये पूर्ण नाव येते का, आणि तोच क्रमांक इंटरनेटवर शोधल्यास पत्त्यासह दिलेली एखादी जुनी जाहिरात सापडते का, हे तपासा. असे काही दिसल्यास वेगळे सिम घ्यावे आणि ते बँकेशी किंवा कोणत्याही खात्याशी जोडू नये. या सिमचे रिचार्ज मात्र चुकवू नका, कारण बंद पडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि मग तुमच्या किल्ल्यांचा फोन त्याला जातो.

बॅगेच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तुमचा फोन त्याच बॅगेत असेल, तर त्याचा क्रमांक लिहून उपयोग नाही; तिथे विश्वासातल्या माणसाचा क्रमांक, त्याला विचारूनच, लिहावा. चिठ्ठी आतल्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे शेजारून जाणाऱ्याला तो वाचता येणार नाही. बक्षिसाची रक्कम लिहू नये, असे माझे ठाम मत आहे: आकडा छोटा असला तर कोणी फोन करण्याचे कष्ट घेत नाही, आणि मोठा असला तर आत मौल्यवान काही आहे असा अर्थ निघतो.

फोन आला की वर्णन आपण करू नये, समोरच्याला करू द्यावे. 'किल्ल्या किती आहेत? टोप्या कोणत्या रंगाच्या आहेत?' एवढे विचारले तरी वस्तू खरोखर त्याच्या हातात आहे का, ते कळते. घरी आणून देतो असे तो म्हणाला, तर आभार मानून वर्दळीच्या ठिकाणी, दिवसा भेट ठरवावी आणि बक्षीस वस्तू हातात आल्यावरच द्यावे. आधी पैसे पाठवा किंवा फोनवर आलेला कोड सांगा, अशी मागणी झाली तर संभाषण तिथेच थांबवावे.

किल्ल्यांसोबत पत्ता असलेले ओळखपत्रही हरवले असेल, तर मात्र सर्व वस्तू परत मिळाल्या तरी कुलूप बदलून घ्यावे, कारण किल्लीची नक्कल करायला काही मिनिटे पुरतात आणि मूळ किल्लीवर त्याची खूण राहीलच असे नाही.