भिंतीवरचा ओघळ आणि फरशीवरचं थारोळं

नमस्कार श्रोतेहो. मी पशुवैद्यक आहे. मांजर पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार माझ्याकडे सतत येते, "डॉक्टर, मांजर घरभर शू करतंय, काहीतरी करा." त्यावर मी आधी विचारतो, ओल भिंतीवर दिसते की फरशीवर? काही जणांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण पुढचे सगळे उपाय त्याच्या उत्तरावरच ठरतात.

हद्द आखणारं मांजर बसत नाही, उभं राहतं. भिंतीकडे किंवा पडद्याकडे पाठ करतं, शेपूट ताठ वर उचलतं, शेपटीचं टोक थरथरतं आणि थोडीशी लघवी मागे उडते. डाग वीतभर उंचीवर पडतो, म्हणजे साधारण दुसऱ्या मांजराच्या नाकाला येईल असा, आणि तिथून खाली ओघळ येतो. तेच मांजर थोड्या वेळानं आपल्या पेटीत जातं, नीट बसतं, शू करतं, वर वाळू ओढतं. पेटीची सवय मोडलेली नसते.

पेटीच नको असलेलं मांजर वेगळं वागतं. ते गादीवर, पायपुसण्यावर, धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर चक्क बसतं आणि अख्खं मूत्राशय रिकामं करतं. तिथे थारोळं साचतं. पेटी मात्र दिवसभर कोरडी राहते. कधीकधी उभ्यानं उडवणारं मांजर नव्या बॅगेवर सपाट डागही पाडतं, त्यामुळे एका डागावरून निकाल देऊ नका. आठवडाभर वहीत लिहून ठेवा: जागा, वेळ आणि डाग केवढा होता ते.

अशाच वहीवरून उलगडलेली एक गोष्ट सांगतो. ठाण्यातलं तळमजल्यावरचं घर. घरात नसबंदी झालेला एक बोका आणि एक भाटी. डाग पडायचे ते हॉलच्या खिडकीखाली, बाल्कनीच्या दाराच्या चौकटीवर आणि चपलांच्या कप्प्यावर. वेळ बहुतेक पहाटेची, नाहीतर दिवेलागणीची. लघवीची तपासणी केली, त्यात काही दोष नव्हता. पेटीही रोज वापरली जात होती. मग मी विचारलं, त्या वेळी खिडकीबाहेर काय चाललेलं असतं? कुंपणाच्या भिंतीवरून एक मोठा भटका बोका रोज ये-जा करायचा, आणि शेजारचं कुणीतरी त्याला खिडकीच्या अगदी खालीच दूधभात ठेवायचं. घरातल्या बोक्याला परका डोळ्यांसमोर दिसायचा, त्याचा वास यायचा, पण गाठता येत नव्हता. मग तो आपला वास त्या खिडकीवरच लावून ठेवायचा. चपलांचं कारणही तेच, बाहेरचा वास तळव्यांना चिकटून घरात यायचा.

खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेवर धूसर कागद चिकटवला. शेजाऱ्यांशी बोलून परक्याची ताटली इमारतीच्या मागे हलवली, आणि सोसायटीतल्या लोकांनी त्याची नसबंदी करून त्याला परत तिथेच सोडलं. चपला दारामागच्या बंद कपाटात गेल्या. डाग धुऊन झाल्यावर घरच्या बोक्याचं जेवण खिडकीखाली, त्याच जागी ठेवायला सुरुवात केली, कारण मांजर जिथे जेवतं तिथे सहसा फवारत नाही. चपलांजवळचे डाग लवकर थांबले. खिडकीखालचे आठवड्यागणिक विरळ होत गेले, पण पूर्ण संपले नाहीत. भिंतीवर नवा बोका दिसला की एखादा डाग अजूनही पडतो. घरच्यांना मी आधीच सांगितलं होतं की आपल्याला डागांची संख्या खाली आणायची आहे.

त्या घरातल्या बोक्याची नसबंदी आधीच झाली होती. तुमच्या बोक्याची झाली नसेल, तर पडदे आणि कागद बाजूला ठेवा, आधी ती करून घ्या. न कापलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं. ते विघटित झालं की तो घशात बसणारा उग्र वास येतो. नसबंदीनंतर दहापैकी साधारण नऊ बोके फवारणं थांबवतात किंवा खूप कमी करतात, काही लगेच, काही थोड्या आठवड्यांनी. पाच-सहा महिन्यांचं होण्याआधी, सवय जडण्यापूर्वीच शस्त्रक्रिया झाली तर फारच बरं. भाटीही फवारतात हे अनेकांना माहीत नसतं. नसबंदी झालेल्या भाटींमध्ये ते प्रमाण साधारण वीसात एक असतं.

आता धुण्याविषयी, कारण इथे बऱ्याच घरांत चूक होते. डाग दिसला की फिनाईल ओतलं जातं. काळ्या फिनाईलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाही. पंजाला लागलेलं ते चाटून पोटात जातं आणि विषबाधा होते. अमोनिया असलेल्या द्रावणाला लघवीसारखाच वास येतो, म्हणून मांजर तिथेच परत खूण करतं. ब्लीच लघवीवर ओतलं तर विषारी वायू तयार होतो. त्यापेक्षा एन्झाइम असलेलं जनावरांसाठीचं क्लीनर घ्या. डागावर आणि त्याच्या भोवती हातभर जागेत भरपूर ओता, बाटलीवर दिलेला वेळ तसंच ओलं राहू द्या आणि मग पुसून आपोआप वाळू द्या. घाईनं पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. जुने डाग सापडत नसतील तर रात्री दिवे बंद करून अतिनील टॉर्चनं भिंती पाहा, ते फिकट चमकतात.

फरशीवर थारोळं असेल तर पेटीकडे वळा. दुकानातली पेटी बहुधा लहान असते. मांजराच्या लांबीच्या दीडपट मोठा साधा प्लास्टिकचा टब जास्त उपयोगी पडतो. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी त्याची एक कड कापून खाली घ्या. बारीक, बिनवासाची वाळू घाला, सुगंधी नको, कारण तो सुगंध आपल्याला हवा असतो, मांजराला नको असतो. घाण रोज उचला. पेट्या मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असाव्यात आणि एकमेकींपासून लांब, वॉशिंग मशीनच्या आवाजापासून आणि जेवणाच्या ताटलीपासूनही लांब. मांजराचं नाक डागात घासू नका. त्याला फक्त तुमची भीती बसते, आणि घाबरलेलं मांजर कपाटामागे जाऊन शू करतं.

हे सगळं करून आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर लघवीची तपासणी करून घ्या. मूत्राशयाची सूज आली की मांजराला पेटीत दुखतं आणि पेटीशीच दुखणं जोडलं जातं. मग ते गार, गुळगुळीत फरशी किंवा मऊ गादी शोधतं. फवारणीत बाकीचे उपाय थकले तर फ्लुओक्सेटिनसारखं औषध पशुवैद्यक लिहून देतात. ते तपासणीनंतरच, त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यायचं, आणि मनानं एकदम बंद करायचं नाही.

आणि एक गोष्ट जिथे थांबून चालत नाही. बोका पुन्हा पुन्हा पेटीत जाऊन बसतोय, जोर काढतोय, ओरडतोय, पण थेंबच येतात किंवा काहीच येत नाही, असं दिसलं तर त्याला हट्ट समजू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती तुंबलेली असू शकते. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच्या पोटावर दाब देऊ नका, घरगुती काढे देऊ नका. रात्र असली तरी फोन करा आणि निघा. नमस्कार.